मशीनिंग सेल आणि असेंब्लीमधलं कानबान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे सगळे प्रश्न शॉपफ्लोअरवर उभं राहून विचारले गेलेले आहेत. काही सुपरवायझरांनी विचारले, काही ऑपरेटरांनी, तर एक-दोन कारखान्याच्या मालकांनी, जरा वैतागून. उत्तरांत शेवटपर्यंत एकच उदाहरण वापरलं आहे. आकडे बदलत राहिले की हिशेब डोक्यात बसत नाही.

आधी उदाहरण सांगा. कुठला कारखाना, कुठला माल?

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत सर्रास दिसतो तसा मध्यम आकाराचा कारखाना समजा. हायड्रॉलिक गियर पंप बनतात. पंपाच्या बॉडीचं कास्टिंग बाहेरून येतं. मशीनिंग सेलमध्ये त्याचं बोअरिंग, फेसिंग, ड्रिलिंग, टॅपिंग होतं, मग डीबरिंग आणि वॉशिंग होऊन बॉडी असेंब्लीला जाते. दोन्हींच्या मध्ये साठेक पावलांचं अंतर आणि एक रॅक.

बॉडीचे चार प्रकार आहेत. असेंब्लीला रोज अ प्रकारच्या १२० बॉडी लागतात, ब च्या ७२, क च्या ३६ आणि ड च्या फक्त १२. एकूण २४०. असेंब्ली एका शिफ्टमध्ये चालते, सेल दोन शिफ्टमध्ये. सेलमधलं सगळ्यात हळू मशीन म्हणजे व्हीएमसी. त्यावर एका बॉडीला ३ मिनिटं लागतात आणि प्रकार बदलायचा म्हटलं की सेटअपला ४० मिनिटं जातात.

सुरुवातीला मोजणी केली तेव्हा दोन विभागांच्या मध्ये २,१६० बॉडी पडून होत्या, म्हणजे नऊ दिवसांचा माल. रॅक भरलेला, रॅकच्या शेजारी पॅलेट, आणि पॅलेटच्या मागे भिंतीला टेकवलेले क्रेट. अ च्या १,५००, ब च्या ४३०, क च्या २१२ आणि ड च्या १८. त्याच आठवड्यात असेंब्ली दोनदा थांबली होती. कशासाठी? ड बॉडीसाठी.

एवढा माल असून असेंब्ली का थांबते?

कारण सेलला काय बनवायचं हे असेंब्ली सांगत नाही, प्लॅनिंगचा कागद सांगतो. कागदावर महिन्याचा आकडा असतो. ऑपरेटरच्या बाजूने बघा. ४० मिनिटांचं सेटअप मोडून ड च्या २४ बॉडी काढण्यापेक्षा लागलेल्या फिक्स्चरवर अ काढत राहिलं तर दिवसाचं उत्पादन छान दिसतं. त्याचं काही चुकलं नाही, त्याला मोजलंच तसं जातं. मग अ चा डोंगर होतो आणि ड चा दुष्काळ पडतो.

या मधल्या मालाला शॉपवर विप म्हणतात. तो वाढला की बॉडी आज बनून असेंब्लीला पोचेपर्यंतचा काळही वाढतो, आणि हे गणित सरळ भागाकाराचं आहे. २,१६० बॉडी मध्ये पडल्या आहेत आणि रोज २४० उचलल्या जातात, म्हणून आज सेलमधून निघालेली बॉडी सरासरी नऊ दिवसांनी पंपात बसते. बोअर दोन शतांशाने मोठा निघत असेल, तर ते असेंब्लीला नऊ दिवसांनी कळणार. तोवर तसल्याच किती बॉडी रचल्या गेल्या असतील याचा विचार करा.

कानबान म्हणजे नेमकं काय? कार्ड लावणं एवढंच?

कार्ड हे दिसणारं अंग झालं. जपानीत कानबान म्हणजे पाटी. मूळ नियम असा की पुढच्या विभागाने मागच्याकडून लागेल तेवढंच उचलावं आणि मागच्याने उचललं गेलं तेवढंच पुन्हा बनवावं. टोयोटात ताइची ओनो यांनी १९५३ मध्ये हा प्रयोग पहिल्यांदा केला तो मशीन शॉपमध्येच. कल्पना घेतली होती अमेरिकेतल्या सुपरमार्केटच्या फळीवरून, जिथे गिऱ्हाईक उचलतं तेवढीच फळी पुन्हा भरली जाते. त्यामुळे मशीन शॉप आणि असेंब्ली ही जोडी कानबानला परकी नाही, कानबानचा जन्मच तिथला आहे.

आपल्या उदाहरणात एका क्रेटमध्ये १२ बॉडी बसतात. बॉडी साधारण सव्वा किलोची, म्हणजे क्रेट पंधरा किलोच्या आसपास, एका माणसाला उचलता येईल असा. प्रत्येक क्रेटला एक कार्ड. कार्ड नसलेला भरलेला क्रेट शॉपवर असता कामा नये, आणि कार्ड हातात आल्याशिवाय सेलने बॉडीला हात लावायचा नाही. या दुसऱ्या अर्ध्या वाक्यावर सगळं उभं आहे.

कार्डाचा रोजचा फेरा कसा चालतो?

असेंब्लीचा माणूस नव्या क्रेटमधली पहिली बॉडी उचलतो तेव्हाच त्या क्रेटचं कार्ड काढून टेबलाच्या कडेच्या खोक्यात टाकतो. हेल्पर दर तासाला चक्कर मारतो, खोक्यातली कार्डं आणि रिकामे क्रेट घेतो, रॅकवरून भरलेले क्रेट आणून देतो. दिवसाला २० क्रेट लागतात, म्हणजे तासाला जेमतेम तीन. कार्डं तो सेलच्या बोर्डावर आपापल्या रांगेत लावतो. सेल बोर्ड बघून बनवतो, क्रेट भरला की त्याच कार्डासह रॅकवर ठेवतो. संपलं.

पुस्तकांत उचलण्याचं कार्ड वेगळं आणि बनवण्याचं वेगळं असतं. दोन विभाग वेगवेगळ्या इमारतींत असतील तर ते लागतं. साठ पावलांसाठी एकच कार्ड पुरे.

कार्डं किती छापायची?

सूत्र असं:

कार्डांची संख्या = रोजची मागणी × माल भरून येण्याचा काळ (दिवसांत) × (१ + राखीव) ÷ क्रेटमधले नग

मागणी माहीत आहे, क्रेटमध्ये १२ नग हे ठरलेलं आहे. राखीव साधारण १५ टक्के धरू, म्हणजे ०.१५. मशीन अधूनमधून बंद पडतं, रिजेक्शन निघतं, त्याची ही सोय. खरा प्रश्न आहे भरून येण्याच्या काळाचा, आणि बहुतेक जण तिथेच चुकतात. एका बॉडीला ३ मिनिटं, म्हणजे क्रेटला ३६ मिनिटं, असा हिशेब करतात. पण कार्ड बोर्डावर लागल्यावर लगेच कोणी मशीनवर जात नाही. त्या प्रकाराची पाळी यावी लागते.

पाळी कधी येते ते सेटअपवरून ठरतं. सेलला दोन शिफ्टचे मिळून कामाचे ८८० मिनिटं मिळतात. २४० बॉडींना ७२० मिनिटं जातात. उरली १६०. त्यातली निम्मी टूल बदलणं, पहिला नग तपासणं आणि किरकोळ बंद यात जातात. हातात राहतात ८०, म्हणजे ४० मिनिटांचे दोन सेटअप. प्रकार चार आणि सेटअप रोज दोन, तेव्हा प्रत्येक प्रकाराची पाळी दर दोन दिवसांनी येते. त्यावर मशीनिंग, वॉशिंग, रॅकवर पोचणं यासाठी अर्धा दिवस धरा. काळ झाला अडीच दिवस.

अ साठी १२० × २.५ × १.१५ ÷ १२ = २८.७५, म्हणजे २९ कार्डं. तसंच ब ला १८, क ला ९ आणि ड ला ३. अपूर्णांक वरच्या बाजूला घ्यायचा. एकूण ५९ कार्डं, म्हणजे शॉपवर जास्तीत जास्त ७०८ बॉडी. नऊ दिवसांच्या जागी तीन दिवसांपेक्षा किंचित कमी. ही संख्या म्हणजेच विपची मर्यादा. ती पाळली जाते की नाही बघायला संगणक लागत नाही, कारण साठावं कार्ड छापलेलंच नाही.

बोर्डावरचे हिरवे-पिवळे-लाल पट्टे कशासाठी?

अ च्या रांगेत २९ खाचा आहेत. कार्ड बोर्डावर आलं याचा अर्थ तेवढा माल रॅकवरून कमी झाला. दोन दिवसांत अ ची साधारण २० कार्डं जमतात, तो हिरवा भाग. अ ची पाळी येईल तेव्हा एवढी असतील तर सगळं सुरळीत आहे. २१ ते २४ पिवळा, इथे सुपरवायझरने एकदा बघून जायचं. २५ पासून लाल, कारण आता रॅकवर पाच क्रेटही उरलेले नाहीत, अर्ध्या दिवसाच्या आत असेंब्ली थांबेल. लालमध्ये गेलेल्या रांगेसाठी क्रम मोडायची परवानगी आहे. एरवी अ, ब, क, ड हा क्रम ठरलेला, आणि पाळी आली की बोर्डावर जेवढी कार्डं असतील तेवढेच क्रेट बनवायचे. जरा जास्त काढून ठेवू, हे नाही.

बोर्डावर कार्डच नसेल तर? मशीन बंद ठेवायचं?

हो.

हे ऐकल्यावर मालकांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते मी बऱ्याच वेळा पाहिलं आहे. मशीनचा हप्ता चालू असतो, आणि उभं मशीन बघवत नाही. पण कार्ड नसताना काढलेली बॉडी कोणी विकत घेणार नसतं. ती फक्त कास्टिंगचे पैसे भिंतीशी नेऊन रचते. वर ज्या ड साठी असेंब्ली अडली त्याचा वेळही तिनेच खाल्लेला असतो. मिळालेल्या वेळात फिक्स्चर साफ करा, पुढच्या प्रकाराची टूल आधीच लावून ठेवा, डीबरिंगला हात द्या.

एक मात्र आधी करावं लागतं. ऑपरेटरचा इन्सेंटिव्ह नगांवर असेल तर कानबान महिनाभरही टिकणार नाही. तो कार्डाशिवाय क्रेट भरेल आणि कुठेतरी टेबलाखाली ठेवेल. त्याला दोष देऊ नका, पगाराची पद्धत बदला. बोर्ड लाल न होणं आणि क्रेटमध्ये बाराच्या बारा नग बरोबर असणं यावर इन्सेंटिव्ह ठेवला तर गाडी रुळावर राहते.

सगळं नियमाने चाललं आहे, तरी ड ची बॉडी संपतेच. का?

माझ्या मते या पानावरचा सगळ्यात कामाचा प्रश्न हाच. एका कारखान्यात हे कोडं सोडवायला मला दोन आठवडे लागले होते. कार्डं पूर्ण तीन होती. क्रम पाळला जात होता. सेलला पाळीच्या दिवशी बोर्डावर ड चं कधी एक कार्ड दिसायचं, कधी दोन. एक दिसलं की एकच क्रेट बनायचा आणि पुढच्या पाळीच्या आधी असेंब्ली अडायची.

शेवटी असेंब्लीच्या टेबलापाशी सकाळपासून उभा राहिलो. तिथला मुलगा व्यवस्थित काम करत होता, फक्त कार्ड पहिली बॉडी उचलताना न काढता क्रेट रिकामा झाल्यावर काढत होता. रिकाम्या क्रेटबरोबर कार्ड द्यायचं, त्याला ते साहजिक वाटत होतं. अ च्या बाबतीत याने काही बिघडत नाही, कारण अ चा क्रेट ४२ मिनिटांत संपतो. कार्ड पाऊण तास उशिरा निघालं तरी दोन दिवसांच्या फेऱ्यात ते मुरून जातं. पण ड च्या क्रेटमध्ये १२ बॉडी आणि रोजची गरजही १२. तो क्रेट पूर्ण शिफ्टभर टेबलावर राहतो. सकाळी निघायला हवं ते कार्ड संध्याकाळी निघायचं, हेल्परची शेवटची चक्कर झालेली असायची, आणि ते बोर्डावर लागायचं दुसऱ्या दिवशी. म्हणजे अडीच दिवसांच्या हिशेबात एक दिवस चोरीला गेला होता.

पहिली बॉडी उचलताना कार्ड काढायची शिस्त लावल्यावर फरक पडला. पण पक्का इलाज वेगळा होता. ड साठी अर्ध्या आकाराचे क्रेट घेतले, ६ बॉडींचे. सूत्राने कार्डं सहा झाली, मधला माल तेवढाच राहिला, पण निरोप मात्र दिवसातून दोनदा मागे जाऊ लागला. ज्याची मागणी कमी त्याचा क्रेट लहान, हा धडा तेव्हापासून डोक्यात बसला.

कार्ड हरवलं तर कसं कळेल?

मोजल्याशिवाय कळत नाही, आणि हीच त्याची खोड. कार्ड हरवलं की बोर्ड उलट निरोगी दिसतो. अ ची तीन कार्डं पॅलेटखाली गेली तर बोर्डावर तीन कमी दिसतात, सेलला वाटतं माल भरपूर आहे, आणि रांग लाल होण्याआधीच रॅक रिकामा होतो. म्हणून आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, मोजणी करायची: बोर्डावरची अधिक रॅकवरची अधिक सेलमधली अधिक असेंब्लीच्या खोक्यातली आणि तिथल्या न उघडलेल्या क्रेटवरची. अ ची बेरीज २९ यायलाच हवी. शनिवारी दुपारी दहा मिनिटांचं काम आहे. कार्डावर अनुक्रमांक घातला, २९ पैकी ७ असा, तर कुठलं गेलं तेही लगेच कळतं.

कार्डं कुठे सापडतात म्हणाल तर वॉशिंग मशीनच्या टाकीत, जॅकेटच्या खिशात, आणि एकदा तर एकाच्या डब्याखाली. कूलंटमध्ये कागद टिकत नाही, तेव्हा जाड लॅमिनेशन करा.

बॉडी रिजेक्ट झाली तर क्रेट अकराचा पाठवायचा का?

नाही. बारा चांगल्या बॉडी भरल्याशिवाय क्रेट रॅकवर जात नाही. असेंब्लीत खराब निघाली तर लाल खोक्यात टाकून तेव्हाच सेलला दाखवायची. मधला माल तीन दिवसांवर आणण्याचा अर्धा फायदा इथे आहे. ज्या टूलने ती काढली ते टूल अजून मशीनवर असण्याची शक्यता असते.

असेंब्लीने सोमवारी सगळे अ पंप बांधायला घेतले तर?

तर कानबान मोडेल, आणि दोष सेलचा नसेल. समजा पाच दिवसांचे ६०० अ पंप एकदम बांधायचे ठरले. त्यासाठी ५० क्रेट हवेत. सगळ्या कारखान्यात अ ची कार्डंच २९ आहेत. ते क्रेट संपले की असेंब्ली थांबणार आणि बोर्डावर एकदम २९ कार्डं येऊन पडणार.

म्हणून असेंब्लीने रोज मिश्रण चालवावं लागतं. दर तासाला थोडे अ, थोडे ब, एखादा क. असेंब्लीत प्रकार बदलायला फारसा वेळ लागत नाही, सवय लागते एवढंच. रोजची मागणी दहा-पंधरा टक्क्यांनी खालीवर झाली तर राखीव माल ती सोसतो. महिनाअखेरीस विक्री विभाग दीडपट मागतो ती त्याला सोसत नाही. ती आधी कळली तर वेगळ्या रंगाची तात्पुरती कार्डं घाला. त्यावर तारीख लिहा, आणि त्या तारखेनंतर ती काढून घ्या. गणपतीच्या सुट्टीआधी किंवा मशीनच्या मोठ्या दुरुस्तीआधीही हेच करतात. काढून घ्यायची राहिली की ती कायमची होतात, हे अनुभवाने सांगतो.

वर्षातून दोनदा लागणाऱ्या बॉडीलाही कार्ड लावायचं का?

नको. ते कार्ड सहा महिने रॅकवर माल धरून बसेल. असा माल ऑर्डर आल्यावरच बनवायचा. बोर्डावर त्यासाठी एकच खाच ठेवा, म्हणजे एका वेळी अशी एकच ऑर्डर सेलमध्ये शिरेल.

कार्डं हळूहळू कमी करायची असतात असं ऐकलं आहे. नुसती काढून घ्यायची?

एखादं कार्ड काढून काय होतं ते बघणं ही जुनी पद्धत आहे आणि चांगली आहे. कुठे अडतं ते उघडं पडतं. पण मोठा बदल हवा असेल तर सेटअपकडे वळा. टूल आधीच प्रीसेट करून ठेवणं, सगळ्या फिक्स्चरच्या बैठकीची उंची सारखी करणं, बोल्टऐवजी क्लॅम्प वापरणं, एवढ्याने ४० मिनिटांचं सेटअप २० वर येऊ शकतं.

मग तेवढ्याच ८० मिनिटांत दोनऐवजी चार सेटअप बसतात. चारही प्रकारांची पाळी रोज येते. भरून येण्याचा काळ अडीच दिवसांवरून दीड दिवसावर येतो. १२ नगांच्या क्रेटने पुन्हा सूत्र लावा: अ ला १८, ब ला ११, क ला ६, ड ला २. एकूण ३७ कार्डं, ४४४ बॉडी.

इथे एक मोह होतो. सेटअप निम्मं झालं की वाचलेल्या वेळात जास्त नग काढू, असं वाटतं. असेंब्ली रोज २४० च उचलते, तेव्हा जास्त काढलेले नग परत भिंतीशीच जाणार.

सुरू करायच्या दिवशी रॅकवर २,१६० बॉडी आहेत. त्यांचं काय करायचं?

फेकायच्या नाहीत आणि सगळ्यांना कार्डंही लावायची नाहीत. प्रत्येक प्रकाराच्या मर्यादेएवढ्या क्रेटना कार्ड लावा. उरलेल्यांवर 'जुना माल' असं पिवळं लेबल लावून ते वेगळे ठेवा, आणि असेंब्लीला आधी तेच द्या. अ ची मर्यादा २९ क्रेट म्हणजे ३४८ बॉडी. आहेत १,५००, म्हणजे १,१५२ जास्त. त्या संपायला साडेनऊ दिवस लागतील, आणि तोवर अ चं एकही कार्ड बोर्डावर येणार नाही. ब आणि क चा जास्तीचा माल तीन-तीन दिवसांत संपेल. ड चा मात्र उलटा हिशेब आहे. मर्यादा ३६ ची, हातात १८, म्हणजे एक भरलेला क्रेट आणि एक अर्धा. अर्ध्या क्रेटचं कार्ड आणि तिसरं कार्ड पहिल्या सकाळीच बोर्डावर लावा आणि सेलची सुरुवात ड पासून करा.

पहिल्या आठवड्यात सेल बराच वेळ मोकळा राहील. सेटअप २० मिनिटांवर आणायचं काम त्याच आठवड्यात घ्या. पुढे असा सलग वेळ मिळत नाही.